टीव्हीसोबतचा प्रोटेक्शन प्लॅन: चोवीसशे रुपयांचा हिशेब

ऑनलाइन टीव्ही घेताना मॉडेल ठरते, पत्ता भरून होतो, आणि पैसे भरायच्या आधी पडद्यावर आणखी एक चौकोन उघडतो. दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी, फक्त २,४०० रुपये. शेजारी खोडलेली जुनी किंमत, आणि नको असेल तर दाबायला एक फिकट, जेमतेम दिसणारे बटण. टीव्ही एकोणतीस हजारांचा असल्यावर चोवीसशे रुपये किरकोळ वाटतात. एरवी चोवीसशेची साडी किंवा मिक्सर घेताना आपण चार दुकाने फिरतो. इथे मात्र अर्ध्या मिनिटात होय म्हणून मोकळे होतो.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये माझ्या मावसबहिणीचा नेमका याच वेळी फोन आला. ४३ इंची साधा एलईडी टीव्ही, किंमत २९,००० रुपये, प्लॅन २,४०० रुपयांचा. ‘‘ताई, घेऊ का गं हा? नंतर बिघडला तर हळहळ नको.’’ तिला मी जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर मांडते. अशा टीव्हीसाठी, बहुतेक घरांत, हा प्लॅन किमतीला परवडत नाही. पण का परवडत नाही ते नीट कळले, तर कुणाला आणि कशासाठी तो घ्यावा हेही कळते.

सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की हा प्लॅन सुरू कधी होतो. टीव्हीवर कंपनीची वॉरंटी साधारणपणे एक वर्षाची असते, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी ती संपल्यावर सुरू होते. म्हणजे आज भरलेल्या पैशांचा उपयोग व्हायला आधी वर्ष जावे लागते. काही प्लॅनवर ‘एकूण ३ वर्षे’ असे ठळक लिहिलेले असते. त्यातले पहिले वर्ष कंपनीचेच, आपल्याला फुकट मिळालेले. ‘२ वर्षांचे संरक्षण’ असे मोघम लिहिले असेल तर ते एक अधिक एक आहे की एक अधिक दोन, हे अटींच्या पानावर जाऊन पाहावेच लागते. एक अधिक एक निघाले तर त्याच पैशांत निम्मेच मिळते.

इलेक्ट्रॉनिक वस्तू आयुष्यभर सारख्या प्रमाणात बिघडत नाहीत. एखादा जोड नीट बसलेला नसेल, एखादा सुटा भाग मुळातच कच्चा असेल, तर तो पहिल्या काही महिन्यांतच दगा देतो. तो काळ कंपनीच्या वॉरंटीत जातो. तिथून पुढे काही वर्षे बिघाडाचे प्रमाण कमी राहते, आणि भाग झिजायला लागले, म्हणजे पाचसहा वर्षांनी, ते पुन्हा वाढते. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची असते, म्हणजे टीव्हीच्या आयुष्यातल्या सगळ्यात निरोगी काळाची. जिथे धोका जास्त तिथे ती नसतेच.

तरीही या काळात टीव्ही बिघडतात. काय बिघडते आणि दुरुस्तीला किती लागतात, हे कळल्याशिवाय चोवीसशे महाग की स्वस्त ते ठरत नाही. साध्या एलईडी टीव्हीत मुख्य भाग चार: पॅनेल, त्यामागचा बॅकलाइट, पॉवर सप्लायचा बोर्ड आणि मेनबोर्ड. नेहमी आढळणारा बिघाड बॅकलाइटचा. पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्यामागे छोट्या एलईडींच्या पट्ट्या असतात. त्यातला एखादा दिवा गेला की बऱ्याच टीव्हींत सगळाच उजेड जातो, कारण दिवे एका साखळीत जोडलेले असतात. हा बिघाड घरी ओळखता येतो. आवाज येतोय, पडदा काळा आहे. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्याजवळ मोबाइलचा टॉर्च तिरका धरायचा. आत चित्र अंधुक हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेला आहे. पट्ट्या बदलायला गावातला कारागीर ४३ इंची टीव्हीसाठी साधारण तीन हजार रुपये घेतो. पॉवर बोर्डचा खर्चही त्याच घरात, मेनबोर्ड त्याहून थोडा महाग. हे आकडे गावानुसार आणि ब्रँडनुसार मागेपुढे होतील.

पॅनेल मात्र वेगळी गोष्ट. टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या एका भागाचा असतो. माझ्या बहिणीच्या टीव्हीसाठी हिशेबाला सतरा हजार धरू. पडद्यावर उभ्याआडव्या रेघा येणे, अर्धा पडदा पांढरा पडणे, ही बहुधा पॅनेलची लक्षणे. प्लॅन विकणाराही याच भीतीवर विकतो, आणि ती खोटी नाही.

आता हे चोवीसशे रुपये दहा घरांत मांडून पाहू. दहा घरांनी तोच टीव्ही घेतला, दहाही जणांनी प्लॅन घेतला. जमले २४,००० रुपये. हे पैसे दहा घरांना मिळून परत यायचे असतील तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात मिळून त्या दहा टीव्हींपैकी आठांचा बॅकलाइट जायला हवा. किंवा एकाचे पॅनेल आणि आणखी दोघातिघांचा बॅकलाइट. आपल्या ओळखीतले, एक ते तीन वर्षे वयाचे दहा टीव्ही आठवून पाहा. भाऊ, शेजारी, ऑफिसातले सहकारी. त्यांपैकी किती जणांनी या दोन वर्षांत पॅनेल बदलले? प्रत्येक घराचे उत्तर वेगळे येईल, पण अंदाजासाठी एवढे पुरते. शिवाय ते सगळे २४,००० दुरुस्तीसाठी नसतातच. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक रक्कम सरकारकडे जाते. उरलेल्या वीस हजारांत विकणाऱ्या साइटचे कमिशन, कॉल सेंटर, प्लॅन चालवणाऱ्या कंपनीचा नफा. यातून उरते त्यापेक्षा जास्त दुरुस्त्या निघाल्या तर कंपनी ती किंमत ठेवणारच नाही. म्हणजे दहा घरांचा मिळून विचार केला तर प्लॅन तोट्याचाच ठरणार. प्रश्न इतकाच, की तुमच्या घराला हा तोटा सोसून मनाची निश्चिंती हवी आहे का.

पण हाही हिशेब प्लॅनच्या बाजूने जरा झुकलेलाच आहे. पॅनेल गेले की १७,००० वाचले असे आपण धरले. अटी वाचल्या की ते तसे राहत नाही.

बऱ्याच प्लॅनमध्ये घसाऱ्याचा तक्ता असतो. वस्तूची किंमत दरवर्षी अमुक टक्क्यांनी कमी धरली जाते, आणि कंपनी जास्तीत जास्त त्या कमी झालेल्या किमतीएवढाच खर्च करते. बहिणीच्या प्लॅनसाठी धरू, की तिसऱ्या वर्षी मूळ किमतीच्या ५० टक्केच धरले जातात. मग २९,००० चे झाले १४,५००. पॅनेलचा खर्च १७,०००. कंपनी म्हणते, दुरुस्ती परवडत नाही, आम्ही १४,५०० देऊन प्रकरण मिटवतो. हे पैसे काही वेळा बँकेत येतात, काही वेळा त्याच साइटवरच्या व्हाउचरच्या रूपात. व्हाउचर म्हणजे पुढचा टीव्हीही तिथूनच घ्यायचा. आणि काही प्लॅनमध्ये एकदा अशी रक्कम दिली की प्लॅन तिथेच संपतो, जुना टीव्हीही कंपनी घेऊन जाते. म्हणजे सगळ्यात मोठ्या संकटात मिळणारी मदत सतरा हजारांची नाही, साडेचौदा हजारांची. त्या रकमेसाठी २,४०० भरणे रास्त ठरायला सहा टीव्हींमागे एकाचे पॅनेल दोन वर्षांत जायला हवे.

त्याहून महत्त्वाचे, पॅनेल कशामुळे गेले ते. एक्स्टेंडेड वॉरंटी आपोआप झालेल्या बिघाडासाठी असते. क्रिकेटचा चेंडू लागला, भिंतीवरून उतरवताना कोपरा आपटला, तर ते अपघाताचे नुकसान आणि त्याला वेगळा, महाग प्लॅन लागतो. इथे नावांचा घोळ मोठा आहे. ‘कम्प्लीट प्रोटेक्शन’, ‘टोटल केअर’ असली नावे कुठलीही गोष्ट सांगत नाहीत. अटींमध्ये ‘अपघाती आणि द्रवामुळे झालेले नुकसान’ असे स्पष्ट शब्दांत असेल तरच ते मिळते. तंत्रज्ञ घरी आला की सगळ्यात आधी पडद्यावर आघाताची जागा शोधतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा एका बिंदूतून निघाल्या असतील तर दावा तिथेच फेटाळला जातो.

एक कारण मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही. टीव्ही पुसताना आपण स्प्रे थेट पडद्यावर मारतो. ते पाणी ओघळत खालच्या कडेशी जाते आणि चौकटीच्या आत शिरते. पॅनेलला जोडणाऱ्या पातळ फिती तिथे असू शकतात, ओल लागली की त्यांचे जोड सुटतात आणि पडद्यावर रेघा येतात. घरच्यांच्या दृष्टीने टीव्ही आपोआप बिघडला. तंत्रज्ञ मागचे झाकण उघडतो, खालच्या कडेला गंज किंवा पांढरा थर दिसतो, आणि अहवालात द्रवामुळे नुकसान असे लिहितो. दावा नामंजूर. फडके आधी ओले करून, घट्ट पिळून मग पुसावे. स्प्रे पडद्यावर कधीच मारू नये.

दुसरे वगळलेले कारण विजेचे. अनेक प्लॅनमध्ये व्होल्टेजच्या चढउतारामुळे जळालेले भाग आणि वीज पडून झालेले नुकसान धरले जात नाही. आपल्याकडे वळिवाच्या पावसात टीव्ही जातात ते बहुतेक याच कारणाने, आणि वीज फक्त बोर्डातूनच येते असे नाही. केबलच्या, डिशच्या वायरीतूनही येते. म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लग आणि केबल दोन्ही काढावे. चांगले सर्ज प्रोटेक्टर हजाराच्या आसपास येते, पण घरात अर्थिंग नीट नसेल तर ते निम्मेही काम करत नाही. गावाकडच्या घरात मी प्लॅनचे पैसे आधी अर्थिंग तपासण्यात घालीन.

रिमोट, स्टँड, भिंतीचा ब्रॅकेट, प्लॅस्टिकची चौकट हेही बहुधा बाहेर. स्मार्ट टीव्हीतली ॲप चालेनाशी झाली, टीव्ही संथ झाला, तर तो बिघाड मानला जात नाही. पण तिसऱ्या वर्षी टीव्हीविषयी लोकांची मोठी तक्रार बहुधा तीच असते, आणि तिला दोनेक हजारांची स्टिक लावून उपाय होतो.

एवढे ऐकल्यावर बहीण म्हणाली, ‘‘मग घ्यायलाच नको ना कधी?’’ तसे नाही. एकदम चौदापंधरा हजार काढणे ज्या घराला खरोखर अशक्य आहे, टीव्हीच हप्त्यांवर घेतला आहे, तिथे थोडे जास्त पैसे देऊन मोठा खर्च टाळणे शहाणपणाचे आहे. विमा त्याचसाठी असतो: सोसवणार नाही अशा खर्चासाठी. ज्या घरात तो खर्च खुपेल पण झेपेल, त्यांनी दर वेळचे प्लॅनचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, फोन अशा पाच वस्तूंचे प्लॅन घेतले तर दहाबारा हजार सहज जातात. तेच घरात राहिले तर जी वस्तू बिघडेल तिच्यासाठी कामी येतात, मग बिघाड विजेने झालेला असो की पाचव्या वर्षी झालेला असो.

पॅनेलची किंमत जसजशी वाढते तसे उत्तर बदलते. ५५ किंवा ६५ इंची ओलेड टीव्हीत पॅनेल गेले तर खर्च साध्या टीव्हीच्या दोनतीन पट असू शकतो, आणि गावातल्या कारागिराकडे त्याला पर्याय नसतो. तिथे ब्रँडचा स्वतःचा प्लॅन, घसारा नसलेला, मूळ सुटे भाग देणारा, विचार करण्याजोगा. रोज लोकलने दप्तरात नेला जाणारा विद्यार्थ्याचा लॅपटॉप हेही तसेच. पण त्याला एक्स्टेंडेड वॉरंटी नव्हे, अपघाती नुकसानीचा प्लॅन हवा, कारण तो पडून किंवा चहा सांडून जातो. याउलट फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर आणि वॉशिंग मशीनच्या मोटरवर अनेक ब्रँड आधीच दहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. तिथे प्लॅन घेताना आपल्याकडे आधीच असलेली गोष्ट पुन्हा विकत घेत नाही ना, हे पाहावे.

आणि घाई तर मुळीच नको. अनेक ब्रँडचा स्वतःचा प्लॅन कंपनीची वॉरंटी चालू असेपर्यंत केव्हाही घेता येतो. पहिल्या वर्षात टीव्ही कसा चालतो ते आपल्याला दिसते. दहाव्या-अकराव्या महिन्यात, सव्वा वर्षापूर्वी घेतलेल्या शेजाऱ्याचा तोच मॉडेल कसा चालतोय हे विचारूनही ठरवता येते. साइटवरचा प्लॅन त्याच क्षणी किंवा थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो. तो स्वस्त दिसतो, पण तेव्हा आपल्याला टीव्हीविषयी काहीच ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये हीच घाई थांबवायला २००५ साली नियम आला. दुकानदाराने प्लॅनची किंमत लेखी द्यायची, ती तीस दिवस कायम ठेवायची, आणि वर्षाहून जास्त मुदतीचा प्लॅन घेतल्यावर ४५ दिवसांत रद्द केला तर, दावा केलेला नसल्यास, सगळे पैसे परत. आपल्याकडे असा वेगळा नियम नाही. रद्द करण्याची मुदत प्रत्येक प्लॅनच्या अटींत पाहावी लागते.

आपल्याकडे जे आहे तेही कमी नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकोनातून गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे त्यात आहे. आणि नकार देणाऱ्याला ओशाळवाणे वाटेल अशी बटणावरची भाषाही त्यात आहे. तिथे दिलेले उदाहरण विम्याचेच: विमा न घेणाऱ्या प्रवाशाला ‘मी असुरक्षितच राहीन’ असे बटण दाबायला लावणे. त्यामुळे बिलात न मागितलेला प्लॅन दिसला तर तो काढून टाकण्याचा आणि पैसे भरले गेले असतील तर परत मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

प्लॅन घ्यायचे ठरलेच, तर तो विकणारा आणि चालवणारा वेगळा असू शकतो हे लक्षात ठेवावे. साइटचे नाव मोठे, पण दावा ऐकणारी कंपनी दुसरीच. अटींमध्ये तिचे नाव असते, आणि ते विमा कंपनीचे आहे की फक्त सेवा करार आहे हेही तिथेच कळते. विमा असेल तर तक्रार विमा लोकपालाकडे नेता येते. सेवा करार असेल तर ग्राहक आयोगाकडे. आपला पिनकोड त्या कंपनीच्या सेवेत आहे का, हे घेण्याआधी टाकून पाहावे. दोडामार्ग किंवा भामरागडसारख्या ठिकाणी तंत्रज्ञच पोहोचत नाही असे होऊ शकते, आणि मग वस्तू शंभर किलोमीटर नेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

बहिणीला मी आणखी एक सांगितले, आणि ते प्लॅन न घेणाऱ्यालाही लागू आहे: टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी मागच्या स्टिकरचा फोटो काढ. सीरियल नंबर त्यावर असतो, आणि एकदा ब्रॅकेट लागला की तो वाचता येत नाही. बिलावरचा नंबर तोच आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. पहिल्या वर्षात कंपनीने टीव्ही बदलून दिला तर नवा नंबर वेगळा असतो. प्लॅन मात्र जुन्या नंबरावर नोंदलेला राहतो. बदली मिळाल्याचे पत्र प्लॅनवाल्या कंपनीला लगेच मेल करून नोंद बदलून घेतली नाही, तर दोन वर्षांनी दाव्याच्या वेळी ‘ही वस्तू आमच्याकडे नोंदलेली नाही’ असे उत्तर येऊ शकते. बिल, प्लॅनचे पत्र आणि त्या दिवशीच्या अटी पीडीएफ करून ठेवाव्यात, कारण साइटवरच्या अटी पुढे बदलतात आणि आपल्याला लागू असतात त्या खरेदीच्या दिवशीच्या.

दावा नाकारला गेला तर तंत्रज्ञाच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. फोनवर ‘फिजिकल डॅमेज आहे’ म्हणणे वेगळे आणि कुठल्या भागावर काय आढळले ते लिहून देणे वेगळे. बरीच प्रकरणे लेखी मागितल्यावर पुन्हा तपासली जातात. त्याने भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीतूनही. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीचे कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइनही भरता येतो आणि वकील लावणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून मोजतात. म्हणून दावा नाकारल्याचा मेल जपून ठेवावा.

बहिणीने प्लॅन घेतला नाही. त्या पैशांतून आधी वायरमनला बोलावून दिवाणखान्यातल्या बोर्डाचे अर्थिंग तपासून घेतले. ते जोडलेलेच नव्हते.